सात संघ, एक मैदान: साखळी सामन्यांचा तक्ता कसा मांडावा

प्रश्न: शाळेत वर्गावर्गांची कबड्डी स्पर्धा साखळी पद्धतीने घेतो. गेल्या वर्षी सहा संघ होते, आठवीच्या तीन तुकड्या आणि नववीच्या तीन. पहिले तीन दिवस आठवी विरुद्ध नववी असे सामने लावले, मग उरलेले. रोज तीन सामने धरून पाच दिवसांत संपायला हवं होतं, पण सहा दिवस लागले आणि कुठे चुकलं ते कळलं नाही. यंदा दहावीची एक तुकडी वाढून सात संघ झालेत. शाळा सुटल्यावर दीड तास मैदान मिळतं, मैदान एकच. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदाच खेळेल असा तक्ता कसा करू?

उत्तर: गेल्या वर्षीची स्पर्धा तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच अडकली होती, तुम्हाला ते पाचव्या दिवशी दिसलं. पहिल्या तीन दिवसांत आठवी-नववीच्या नऊच्या नऊ जोड्या संपल्या. उरले सहा सामने: आठवीचे अ-ब, ब-क, अ-क आणि नववीचे तसेच तीन. आता आठवीच्या तीन संघांमधून दिवसाला एकच सामना निघतो. अ आणि ब खेळले की क ला जोडीदार उरत नाही, कारण नववीतल्या प्रत्येकाशी तो आधीच खेळून मोकळा झालेला असतो. नववीचंही तेच. म्हणजे दिवसाला तीनऐवजी दोनच सामने, आणि सहा सामन्यांना तीन दिवस. तुमचा सहावा दिवस आला तो इथून.

यात तुमचं एकही पाऊल उघड चुकलेलं नाही, म्हणूनच ते सापडत नाही. त्या त्या दिवसाच्या जोड्या बरोबरच होत्या. पण मागे राहिलेल्या जोड्या पुढच्या दिवसांत नीट वाटल्या जातील की नाही, हे आजच्या जोड्या बघून कळत नाही. दिवसागणिक जोड्या जुळवत गेलं तर कधी जमतं, कधी अडतं. म्हणून सगळ्या फेऱ्या एकाच मांडणीतून एकदम काढायच्या.

आधी दिवसांचा हिशेब. सात संघांचे सामने ७ × ६ ÷ २ = २१. सात संघ विषम असल्यामुळे एका फेरीत तीनच सामने बसतात आणि एक संघ रिकामा राहतो, त्याला आपण बाय म्हणतो. तेव्हा २१ सामन्यांना सात फेऱ्या. सहा संघांना पाच फेऱ्या पुरतात, सातवा आला की एकदम सात होतात, आणि आठवा आला तरी सातच राहतात, फक्त फेरीत तीनऐवजी चार सामने होतात. मुख्याध्यापकांकडे मैदान मागायला जाताना हे माहीत असलेलं बरं, कारण "एकच तर संघ वाढलाय" असं म्हणून ते सहा दिवस देतील. लागणार आहेत सात.

दीड तासात तीन सामने म्हणजे सामन्याला अर्धा तास. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, बाकीची सात मिनिटं नाणेफेक आणि संघ आत-बाहेर व्हायला. मोठ्या स्पर्धांसारखे पंधरा किंवा वीस मिनिटांचे डाव इथे बसणार नाहीत, तो मोह सोडा.

आता मांडणी. संघांची नावं तूर्त विसरा, फक्त १ ते ७ आकडे घ्या. कागदावर दोन उभ्या ओळी आखा. डावीकडे वरपासून बाय, १, २, ३ लिहा. उजवीकडे वरपासून ७, ६, ५, ४ लिहा. समोरासमोर आलेले आकडे म्हणजे पहिली फेरी:

बाय – ७
१ – ६
२ – ५
३ – ४

पुढच्या फेरीसाठी बाय जागेवरच ठेवायचा आणि बाकीचे सातही आकडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर सरकवायचे. उजवीकडचे सगळे एक घर खाली येतात, उजवीकडचा सर्वांत खालचा ४ डावीकडे तळाला जातो, डावीकडचे एक घर वर चढतात, आणि डावीकडे बायच्या खाली असलेला १ वर उजव्या कोपऱ्यात जातो. मिळते ती दुसरी फेरी:

बाय – १
२ – ७
३ – ६
४ – ५

असंच सहा वेळा सरकवलं की सात फेऱ्या तयार होतात. पूर्ण तक्ता असा येतो:

फेरी १: १–६, २–५, ३–४ (बाय ७)
फेरी २: २–७, ३–६, ४–५ (बाय १)
फेरी ३: ३–१, ४–७, ५–६ (बाय २)
फेरी ४: ४–२, ५–१, ६–७ (बाय ३)
फेरी ५: ५–३, ६–२, ७–१ (बाय ४)
फेरी ६: ६–४, ७–३, १–२ (बाय ५)
फेरी ७: ७–५, १–४, २–३ (बाय ६)

सातव्यांदा सरकवलं तर पहिली फेरी परत आली पाहिजे. ती आली नाही तर मध्ये कुठेतरी आकडा चुकीच्या घरात गेला आहे. बहुतेक वेळा गडबड एकाच ठिकाणी होते: हात सवयीने बायलाही सरकवतो. आठही आकडे फिरले की चार फेऱ्यांनंतर पहिल्याच जोड्या डाव्या-उजव्या उलटून परत यायला लागतात. पाचव्या फेरीत १–६ ऐवजी ६–१ दिसलं की समजा, बाय जागचा हलला.

हे का जमतं ते बेरजेत दिसतं. पहिल्या फेरीत तिन्ही जोड्यांची बेरीज ७. दुसरीत प्रत्येकी ९. तिसरीत ४, ११, ११. चौथीत ६, ६, १३. या बेरजांना ७ ने भागून बाकी काढली तर एका फेरीतल्या सगळ्या जोड्यांची बाकी सारखीच येते: पहिलीत ०, दुसरीत २, तिसरीत ४, चौथीत ६, पाचवीत १, सहावीत ३, सातवीत ५. बाय मिळालेल्या आकड्याची दुप्पट केली तरी तीच बाकी. आता कुठल्याही दोन आकड्यांची बेरीज एकच, तिची बाकी एकच, म्हणून ती जोडी एकाच फेरीत येते, दुसरीकडे येऊच शकत नाही. आणि एखादा आकडा घेऊन त्यात बाकीचे सहा आळीपाळीने मिळवले तर सहा वेगवेगळ्या बाक्या येतात, म्हणजे त्याचे सहा सामने सहा वेगळ्या फेऱ्यांत पडतात. उरलेली बाकी ती त्याच्या बायची.

याचा मैदानावर उपयोग होतो. "सर, आमची आणि नववी ब ची मॅच कधी?" असं कुणी विचारलं आणि ते ३ आणि ५ असतील, तर बेरीज ८, बाकी १, म्हणजे पाचवी फेरी. कागद उघडावा लागत नाही.

संगणकावर करायचं असेल तर एक्सेलमध्ये A2 ते A8 मध्ये १ ते ७ भरा, B1 ते H1 मध्येही तेच. मग B2 मध्ये हे लिहून पूर्ण चौकोनात ओढा:

```
=MOD($A2+B$1,7)
```

ज्या घरांत सारखी बाकी दिसेल ते सामने एका फेरीतले. तिरप्या कर्णावरची घरं म्हणजे त्या त्या संघाचा बाय. संघ विषम असतील तर ७ च्या जागी तो आकडा टाका, ९ संघांना ९.

मी मात्र हाताने लिहिलेला तक्ता असला तरी तपासणीसाठी सात बाय सातचा चौकोन आखतोच. घरात बाकीऐवजी फेरीचा क्रमांक लिहायचा. उदाहरणार्थ ३ ची आडवी ओळ अशी भरते: १ शी फेरी ३, २ शी फेरी ७, स्वतःच्या घरात बायची फेरी ४, ४ शी फेरी १, ५ शी फेरी ५, ६ शी फेरी २, ७ शी फेरी ६. ओळीत १ ते ७ हे सगळे आकडे एकेकदाच आले, म्हणजे त्या संघाचं गणित चोख. एखादा आकडा दोनदा दिसला तर त्या दिवशी हा संघ दोन ठिकाणी खेळतोय आणि एखाद्या दिवशी कुठेच नाही. सातही ओळी अशा तपासायला पाच मिनिटं लागत नाहीत, आणि हाच चौकोन पुढे निकाल भरायला चालतो.

आता जो मुद्दा सहसा कुणी पाहत नाही तो. वरच्या तक्त्यात ७ क्रमांकाशी कोण कधी खेळतो आणि नंतर कुणाशी खेळतो ते बघा. ४ हा तिसऱ्या फेरीत ७ शी खेळतो, चौथीत २ शी. ६ हा चौथीत ७ शी, पाचवीत २ शी. १ हा पाचवीत ७ शी, सहावीत २ शी. ३ हा सहावीत ७ शी, सातवीत २ शी. समजा ७ म्हणजे दहावी. दणकट पोरं, पकडी जोरदार. तिच्याशी खेळून गुडघे-खांदे धरून बसलेला प्रत्येक संघ दुसऱ्याच दिवशी २ च्या समोर येतो. क्रमांक २ ला काही न करता चार वेळा थकलेला प्रतिस्पर्धी मिळाला. एकेक घर सरकवण्याच्या पद्धतीतच हे बसलेलं आहे: ज्याच्याशी आज खेळलात त्याच्यापेक्षा दोनने मोठा आकडा उद्या समोर येतो. सातावर दोन म्हणजे फिरून पुन्हा २.

सुदैवाने फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. जोड्या न बदलता फेऱ्यांचा क्रम हवा तसा लावता येतो. मी सात संघांना हा क्रम वापरतो: १, २, ४, ३, ७, ५, ६. म्हणजे पहिल्या दिवशी फेरी १, दुसऱ्या दिवशी फेरी २, तिसऱ्या दिवशी फेरी ४, असं. आता पुन्हा ७ चा माग काढा. २ हा ७ शी खेळून दुसऱ्या दिवशी ४ शी खेळतो. ६ हा ७ नंतर ५ शी. ४ हा ७ नंतर १ शी. ५ हा ७ नंतर ३ शी. १ हा ७ नंतर २ शी. आणि ३ व ७ यांचा सामना शेवटच्या दिवशी. पाच थकलेले संघ पाच वेगळ्या वाट्याला गेले. बाकी आकड्यांचा माग काढलात तरी एकाच संघाचा फायदा दोनदापेक्षा जास्त कुठे होत नाही. फुटबॉल किंवा क्रिकेटमध्ये मी याची एवढी फिकीर करणार नाही, पण कबड्डीसारख्या अंगाला अंग लागणाऱ्या खेळात, तेही रोज खेळत असताना, करावी.

या क्रमाने शेवटच्या दिवशी फेरी ६ येते: ६–४, ७–३, १–२, आणि बाय ५ ला. विषम संघांत कुणालातरी शेवटच्या दिवशी बाय येणारच. त्या संघाचे सगळे सामने आदल्या दिवशीच संपलेले असतात आणि बाकीच्यांना आपल्याला किती गुण लागतात ते नेमकं माहीत असतं. हे टाळता येत नाही. म्हणून हा क्रमांक कुणाला जाईल ते चिठ्ठीवर सोडावं.

चिठ्ठ्यांबद्दल माझं ठाम मत आहे. आकड्यांचा तक्ता दिवस-वारासकट आधी फळ्यावर लिहा, आणि नंतर सातही कर्णधारांसमोर चिठ्ठ्या काढा. आठवी अ ला ५ आला, नववी क ला ३ आला, की विषय मिटला. उलट केलंत, म्हणजे आधी संघांना क्रमांक दिले आणि मग घरी जाऊन तक्ता केला, तर कुणाच्या तरी वर्गशिक्षिका विचारणारच की त्यांच्या वर्गाला पहिल्याच दिवशी दहावी कशी आली. तुम्हाला शेवटच्या दिवशी रंगतदार सामना हवा असेल तर एक सूट घेता येते: दहावी आणि गेल्या वर्षीचा विजेता या दोघांच्या चिठ्ठ्यांत फक्त ७ आणि ३ ठेवा, बाकी पाच आकडे बाकी पाच संघांना. पण हे चिठ्ठ्या काढण्याआधी जाहीर करून करा.

ज्या संघाला बाय आहे त्याला घरी पाठवू नका. सरपंच आणि दोन पंच तुम्ही शिक्षक मंडळी व्हाल, पण गुणलेखकाच्या मदतीला, बाद झालेल्या खेळाडूंची नोंद ठेवायला आणि चुन्याच्या रेषा पुन्हा मारायला त्या दिवशीचा बायवाला संघ बांधून घ्या. प्रत्येक संघाला ही पाळी एकदाच येते, त्यामुळे तक्रार होत नाही.

सात दिवस सलग मिळाले नाहीत आणि एखाद्या शनिवारी सकाळी दोन फेऱ्या एकत्र घ्याव्या लागल्या, तर एका दिवसात काही संघ दोनदा खेळतील. तेव्हा फेरीच्या आतला क्रम महत्त्वाचा. फेरी १ आणि २ घेऊन दाखवतो. तक्त्यात जसं लिहिलंय तसं घेतलं तर दुसरा सामना २–५ आणि चौथा २–७, म्हणजे २ ला मध्ये एकाच सामन्याची उसंत. त्याऐवजी असा क्रम लावा:

२–५, ३–४, १–६, २–७, ४–५, ३–६

आता दोनदा खेळणाऱ्या प्रत्येक संघाला, म्हणजे २, ३, ४, ५ आणि ६ ला, मध्ये किमान दोन सामन्यांची, तासाभराची विश्रांती मिळते. १ आणि ७ एकदाच खेळतात कारण त्यांचा बाय या दोन फेऱ्यांत आहे. युक्ती एवढीच: पहिल्या फेरीत सर्वांत शेवटी जे दोन संघ खेळले त्यांना दुसऱ्या फेरीत शेवटी ढकलायचं, आणि पहिल्या सामन्यातल्यांना पुढे आणायचं. सहा सामने अर्ध्या तासाचे म्हणजे तीन तास, तेवढं मैदान आहे ना ते बघा.

पाऊस आला किंवा मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला गेलं तर ती अख्खी फेरी उचलून शेवटी न्या. त्यातला एक सामना उद्या, एक परवा असं वाटू नका, त्याने कुणीतरी एका दिवशी दोनदा खेळतं आणि मग विश्रांतीचा सगळा हिशेब बिघडतो. फेरीतला एखादा सामना झालेला असेल तर तो धरा, उरलेले दोन राखीव दिवशी.

संघ आयत्या वेळी वाढला तर नवा तक्ता लागत नाही. जिथे जिथे बाय लिहिलंय तिथे ८ लिहा. फेरी १ मध्ये ८–७, फेरी २ मध्ये ८–१, असे सात सामने वाढून एकूण २८ होतात. दिवस तेवढेच, पण दीड तासात चार सामने बसवायला डाव आठ-आठ मिनिटांचे करावे लागतील आणि संघ अदलाबदलीची मिनिटंही कापावी लागतील.

कमी झाला तर मात्र कधी कमी झाला त्यावर अवलंबून. सुरू होण्याआधी संघ गळाला तर सात फेऱ्यांचा तक्ता रेटू नका. त्याच्या जागी रिकामं घर ठेवून खेळवलंत तर एक फेरी तीन सामन्यांची आणि बाकी सहा फेऱ्या दोन-दोन सामन्यांच्या होतात, आणि सात दिवस जातात. सहा संघांची नवी मांडणी करा: डावीकडे १, २, ३, उजवीकडे ६, ५, ४, यात १ जागेवर ठेवून बाकी पाच फिरवा, पाच दिवसांत मोकळे.

स्पर्धा चालू असताना संघ गळाला तर मी अशी अट आधीच लिहून कर्णधारांच्या सह्या घेतो: सहापैकी तीन सामने पूर्ण होण्याआधी गेला तर त्याचे सगळे निकाल रद्द, गुणतक्त्यातून नाव बाहेर. तीन किंवा जास्त झाल्यावर गेला तर झालेले निकाल कायम, आणि उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना पुढे चाल देऊन विजयाचे दोन गुण. पुढे चालीच्या सामन्यात गुणफरक मोजायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहा. दोन संघांचे साखळीगुण सारखे झाले तर आधी त्यांच्यातल्या सामन्याचा निकाल बघायचा आणि तो बरोबरीत सुटला असेल तरच गुणफरक. साखळीत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळलेला असल्यामुळे तो निकाल तुमच्याकडे नेहमीच असतो, फक्त त्या सात बाय सातच्या चौकोनात घर शोधायचं.